ड्रम मशीन प्रोजेक्टमागे फरपटतंय? मिडी क्लॉक जोडणं आणि सरकणारा टेम्पो पकडणं

पहिल्या मिनिटाला सगळं छान वाजतं. प्रोजेक्टमधली किक आणि मशीनची किक एकमेकींवर बसलेली असतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्याच किकचा आवाज 'धप्' ऐवजी 'ध-धप्' येऊ लागतो, आणि गाणं संपेपर्यंत दोन वेगळे वादक वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाजवत असावेत असं वाटतं. मग आपण बफर कमी करतो, केबल बदलतो, मशीन बंद करून चालू करतो. कधीकधी फरक पडतो, पण का पडला ते कळत नाही.

माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: जे मशीन खरोखर मिडी क्लॉकमागे चालतंय, ते हळूहळू सरकू शकत नाही. थरथरू शकतं, ठराविक अंतराने उशिरा वाजू शकतं, पण दर मिनिटाला थोडंथोडं मागे पडणं त्याला शक्यच नाही. का, ते कळलं की दोष शोधणं सोपं होतं.

तारेतून नेमकं काय जातं

मिडी क्लॉकमधून टेम्पोचा आकडा जात नाही. 'आता १२५ बीपीएमने वाजव' असा निरोप त्यात कुठेही नसतो. जातात ते फक्त टिक, एका बीटला २४. प्रत्येक टिक हा एका बाइटचा संदेश असतो, मॉनिटरवर तो `F8` असा दिसतो. त्याच्या जोडीला सुरू करण्याचा `FA`, जिथे थांबलो तिथून पुढे जाण्याचा `FB`, थांबण्याचा `FC`, आणि गाण्यात कुठे उभं राहायचं ते सांगणारा `F2`. एवढंच.

मशीनचं काम मोजण्याचं. सहा टिक झाले की एक सोळावा भाग पुढे, चोवीस झाले की एक बीट. दोन टिकमधलं अंतर किती, ते असं काढतात:

```
टिकमधलं अंतर (मिलिसेकंद) = २५०० ÷ बीपीएम
```

या लेखात मी १२५ बीपीएम धरतो, कारण हिशेब सरळ येतो: टिक दर २० मिलिसेकंदांनी, बीट ४८० मिलिसेकंदांची, चार बीटचा बार १.९२ सेकंदांचा. हा २० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच चोर पकडून देणार आहे.

आता वरचं विधान तपासा. कॉम्प्युटरने हजार बीटमध्ये चोवीस हजार टिक पाठवले आणि मशीनने चोवीस हजार मोजले, तर हजाराव्या बीटलाही दोघं एकाच जागी असणार. मधला एखादा टिक दोन मिलिसेकंद उशिरा पोचला तरी पुढचा वेळेवर येतो, चूक साठत नाही. म्हणून सरकणं दिसलं, तर तीनच शक्यता उरतात. मशीन क्लॉक ऐकतच नाही आणि स्वतःच्या घड्याळावर चाललंय. किंवा वाटेत टिक हरवताहेत, नाहीतर जास्तीचे येताहेत. किंवा मशीन बरोबर वाजतंय, पण ज्या पट्टीने आपण मोजतोय तीच वेगळी आहे.

जोडणी

कॉम्प्युटर मालक आणि मशीन मागे, अशीच जोडणी ठेवा. उलटंही करता येतं, पण मग प्रोजेक्टचा टेम्पो सतत किंचित वरखाली होत राहतो आणि त्यावर बसवलेले डिले, लूप सगळेच डळमळतात.

मशीनला जाणारी वाट एकच हवी. यूएसबी किंवा पाच पिनांची मिडी केबल, दोन्ही नाही. दोन्ही लावून दोन्हीकडून क्लॉक सोडला, तर काही मशीन एक निवडतात आणि काही गोंधळतात. टेम्पो दुप्पट दिसला किंवा मधूनच उसळला तर हे पहिल्यांदा तपासा. जुन्या मशीनच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी: रोलँडच्या टीआर-८०८ सारख्या यंत्रांवर पाच पिनांचं तसंच दिसणारं सॉकेट असतं, पण ते मिडी नव्हे, डिन सिंक आहे. तिथेही बीटला २४ पल्स असतात, पण ते बाइट नसून नुसते व्होल्टेजचे पल्स असतात. मिडी केबल तिथे नीट बसेल, वाजणार मात्र काही नाही.

मशीनमध्ये सिंक किंवा क्लॉक नावाचा मेनू शोधा आणि तो अंतर्गतवरून बाहेरच्या क्लॉकवर न्या. क्लॉक घेणं आणि सुरू-बंदचे संदेश घेणं हे अनेक यंत्रांत दोन वेगळे स्विच असतात. इलेक्ट्रॉनच्या डिजिटॅक्टवर, उदाहरणार्थ, `CLOCK RECEIVE` आणि `TRANSPORT RECEIVE` अशा दोन ओळी आहेत. फक्त दुसरी चालू राहिली, तर मशीन प्रोजेक्टबरोबर अगदी वेळेवर सुरू होतं, वेळेवर थांबतं आणि मधला सगळा वेळ स्वतःच्या टेम्पोने वाजतं. पहिली चार-पाच मिनिटं तपासणाऱ्याला फसवायला याहून चांगला सापळा नाही.

यात 'ऑटो' असा पर्याय असेल तर मी तो टाळतो. ऑटोचा अर्थ बहुधा 'क्लॉक आला तर ऐकेन, नाहीतर माझं मी' असा असतो, आणि आपल्याला ते दुसरं वाक्य नको आहे.

कॉम्प्युटरवर मी एबलटन लाइव्हचं उदाहरण घेतो. सेटिंग्जमध्ये मिडीच्या पानावर आउटपुट पोर्टची यादी असते. मशीन ज्या पोर्टवर आहे तेवढ्याच ओळीत `Sync` चालू करा, बाकी सगळ्या ओळींत बंद. मशीनच्या इनपुट ओळीतलं `Sync` तर नक्कीच बंद हवं, नाहीतर दोघंही एकमेकांना मालक समजू लागतात. रीपरमध्ये हेच काम त्या मिडी आउटपुटच्या `Send clock/SPP to this device` ने होतं. लॉजिकमध्ये ते प्रोजेक्टच्या सिंक्रोनायझेशन सेटिंग्जमध्ये मिडीच्या टॅबवर आहे.

आता एक परीक्षा, जिला अर्धं मिनिटही लागत नाही. प्रोजेक्ट वाजत असताना टेम्पो १२५ वरून ९० वर आणा. मशीन लगेच मंदावलं, तर ते ऐकतंय. नाही मंदावलं, तर पुढचं काहीही वाचायच्या आधी वरच्या मेनूकडे परत जा. मशीनच्या पडद्यावर १२५ दिसतंय हा पुरावा नव्हे. तो आकडा तुम्हीच मागे कधीतरी टाकलेला असू शकतो.

मोजमाप: कान नको, वेव्हफॉर्म हवा

'मागे पडतंय' हे वाक्य तीन वेगळ्या आजारांसाठी वापरलं जातं, म्हणून आधी मोजून घ्या. नवा, रिकामा प्रोजेक्ट उघडा, १२५ बीपीएम. मशीनवर रिमशॉट किंवा असाच टोकदार सुरुवातीचा एक आवाज निवडा आणि तो फक्त बीटवर ठेवा, बारमध्ये चार. स्विंग पूर्ण बंद. स्विंग क्लॉकमधून जात नाही, प्रत्येक यंत्र तो आपल्या मनाने लावतं, आणि तो चालू राहिला तर मोजमापात नसलेली थरथर दिसते.

मशीनचा ऑडिओ एका ट्रॅकवर घ्या. त्या ट्रॅकचं मॉनिटर `Off` ठेवा आणि ऐकायचं ते ऑडिओ इंटरफेसच्या थेट मॉनिटरिंगवरून. मॉनिटर चालू ठेवून रेकॉर्ड केलं, तर लाइव्ह आवाज 'जसा ऐकू आला तसा' ठेवतं, म्हणजे त्यात मॉनिटरिंगचा उशीरही मिसळतो.

बार १ पासून थेट रेकॉर्ड करू नका. आधी दोन बार नुसतं वाजू द्या. सुरुवातीच्या काही टिकवरून मशीन अजून वेगाचा अंदाज घेत असतं, तिथले ठोके कसेही पडू शकतात. मग १३० बार, म्हणजे चार मिनिटांहून थोडं जास्त, रेकॉर्ड करा. झाल्यावर क्लिपचं `Warp` बंद करा, नाहीतर लाइव्ह क्लिप ताणून पुरावाच पुसून टाकेल.

आता ग्रिडची रेषा आणि ठोक्याची सुरुवात यांतलं अंतर पाच ठिकाणी वाचा: बार ५, ३७, ६९, १०१ आणि १३०. प्रत्येक ठिकाणी लागोपाठचे आठ-दहा ठोके पाहा, एकावर विसंबू नका. आकडे कागदावर लिहा. या पाच आकड्यांच्या चालीवरून दोष ओळखता येतो.

आकडे सगळीकडे जवळपास तेच, समजा ७ मिलिसेकंद, तर ते सरकणं नाही. मशीनला ठोका मिळाल्यापासून आवाज काढायला लागणारा वेळ आणि इंटरफेसचा उशीर मिळून तेवढं अंतर पडलं आहे. लाइव्हच्या त्याच मिडी पानावर आउटपुट पोर्टची ओळ उघडली की `MIDI Clock Sync Delay` दिसतं. तिथे −७ टाका, म्हणजे क्लॉक तेवढा आधी निघेल. पुन्हा मोजा, शून्याच्या आसपास यायला हवं.

आकडे एका जागीच इकडेतिकडे पसरलेले, एक ठोका ४ वर, दुसरा ९ वर, तिसरा ६ वर, पण सरासरी पाचही ठिकाणी सारखी, तर ती थरथर. एक-दोन मिलिसेकंदांची थरथर जवळजवळ प्रत्येक जोडणीत असते आणि तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

आकडे सरळ रेषेत चढताहेत, ५, ३०, ५५, ८०, तर ती उतरंड. आणि आकडे काही काळ स्थिर राहून अचानक उडी मारताहेत, तर त्या पायऱ्या. खरं सरकणं या दोनच रूपांत येतं, आणि दोघांची कारणं अगदी वेगळी आहेत.

उतरंड

सरळ रेषेतली उतरंड म्हणजे दोन वेगळी घड्याळं. सर्वांत साधं कारण तेच, मशीन स्वतःच्या टेम्पोवर आहे. पडद्यावर १२५.० असलं तरी आत ते १२४.९५ असू शकतं. फरक किती? १२८ बारना प्रोजेक्टमध्ये २४५.७६ सेकंद लागतात, मशीनला २४५.८५८. म्हणजे शेवटी ९८ मिलिसेकंद मागे, जे कोणालाही ऐकू येईल. ०.०५ बीपीएम ऐकून मात्र कोणालाही ओळखता येणार नाही.

९० बीपीएमची परीक्षा मशीन पास झालंय आणि तरीही उतरंड आहे? मग मोजपट्टीकडे बघा. मशीनचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेऊन नंतर प्रोजेक्टमध्ये आणला असेल, तर रेकॉर्डरचा क्रिस्टल आणि तुमच्या इंटरफेसचा क्रिस्टल एकसारखे नसतात. दोघांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी चार मिनिटांत १२ मिलिसेकंद होतात. इथे मिडी निर्दोष आहे, त्याच्या सेटिंग्ज बदलत बसून काही हाती लागत नाही. उपाय एकच: मशीन आणि प्रोजेक्ट एकाच इंटरफेसमधून रेकॉर्ड करा. मशीनचा यूएसबी ऑडिओ आणि मुख्य इंटरफेस मिळून मॅकवर एकत्र डिव्हाइस बनवलं असेल, तर ज्याला मुख्य घड्याळ नेमलेलं नाही त्या डिव्हाइससमोर `Drift Correction` ची खूण असायला हवी.

पायऱ्या: एक प्रत्यक्ष केस

माझ्या स्वतःच्या जोडणीत एकदा आलेले आकडे देतो. टेम्पो १२५, मशीन टेम्पोची परीक्षा पास, सगळं एकाच इंटरफेसमधून.

| बार | अंतर (मिलिसेकंद) |
|---|---|
| ५ | ७ |
| ३७ | ७ |
| ६९ | २७ |
| १०१ | २७ |
| १३० | ४७ |

पहिल्यांदा मी याला उतरंड समजलो होतो, कारण फक्त सुरुवात आणि शेवट पाहिला होता. मधले आकडे लिहिल्यावर चित्र बदललं: सात, सात, मग एकदम वीस जास्त, मग पुन्हा वीस. १२५ बीपीएमला एक टिक बरोबर २० मिलिसेकंदांचा. म्हणजे चार मिनिटांत साडेबारा हजारांच्या आसपास टिक गेले आणि त्यांतले फक्त दोन हरवले. मशीनने कमी मोजले, म्हणून ते मागे राहिलं आणि हरवलेला टिक परत कधीच येत नाही, म्हणून मागेच राहिलं.

हा संशय पक्का करायला टेम्पो १०० वर नेऊन तेच रेकॉर्डिंग केलं. १०० ला टिक २५ मिलिसेकंदांचा. उडी या वेळी एकच आली, पण ती २५ ची होती. टेम्पोबरोबर उडीचा आकार बदलतो, याचा अर्थ हरवतोय तो टिकच. उडी दर वेळी तेवढ्याच मिलिसेकंदांची असती, तर मी ऑडिओत गळलेल्या बफरचा शोध घेतला असता.

मग वाट तपासली. कॉम्प्युटर, यूएसबी हब, एक स्वस्तातला मिडी अडॅप्टर, मशीन. त्याच अडॅप्टरमधून एका सिंथलाही नोट्स जात होत्या आणि मी फिल्टरची भरगच्च ऑटोमेशन लावली होती. खरं तर मिडीच्या नियमाप्रमाणे क्लॉकचा बाइट दुसऱ्या संदेशाच्या मधूनही घुसू शकतो, त्याला रांगेत थांबावं लागत नाही. तार तेवढी सोसते. पाच पिनांच्या तारेवर एक बाइट जायला ०.३२ मिलिसेकंद लागतो, म्हणजे दोन टिकच्या मधल्या वेळात साठाहून जास्त बाइट बसतात. पण अडॅप्टरच्या आतला छोटा बफर गर्दीत भरतो आणि काहीतरी टाकून देतो. टाकलेली गोष्ट फिल्टरची एखादी किंमत असेल तर कोणाला कळत नाही. टिक असेल तर ती गाणं संपेपर्यंत कळत राहते.

ऑटोमेशन बंद केल्यावर दोन रेकॉर्डिंगमध्ये एकही पायरी आली नाही. पुन्हा चालू केल्यावर आली. कायमचा उपाय म्हणून क्लॉकला स्वतंत्र पोर्ट दिला: मशीन ऑडिओ इंटरफेसच्या पाच पिनांच्या आउटपुटवर, सिंथ अडॅप्टरवर, आणि हब बाजूला ठेवून दोन्ही थेट कॉम्प्युटरला. पाचही जागी ७ आलं. मग −७ चा डिले टाकला.

पायऱ्या उलट्या दिशेने, म्हणजे मशीन पुढे पळताना दिसलं, तर जास्तीचे टिक येताहेत. बहुतेक वेळा एखादं उपकरण आलेला क्लॉक पुढच्या पोर्टवर परत ओततंय, किंवा मशीनचं मिडी आउट कॉम्प्युटरमध्ये येऊन प्रोजेक्ट तो संदेश पुन्हा बाहेर पाठवतोय. मॅकवर मिडी मॉनिटर आणि विंडोजवर मिडी-ऑक्स या प्रोग्राममध्ये फिल्टर काढून `F8` दाखवायला सांगा. प्रोजेक्ट फक्त क्लॉक पाठवत असताना मशीनकडून येणाऱ्या पोर्टवर `F8` दिसले, तर वर्तुळ तिथे आहे. मशीनमधलं क्लॉक पाठवणं आणि थ्रू बंद केलं की ते तुटतं.

थरथर फारच असेल तर

लागोपाठच्या ठोक्यांत पाच मिलिसेकंद किंवा जास्त पसरण असली, तर हायहॅट भरलेल्या पॅटर्नमध्ये ती ऐकू येते. पहिला संशय ऑडिओ बफरवर. ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर २१.३ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे एका अख्ख्या टिकहून मोठा. प्रोग्राम किंवा ड्रायव्हर टिक बफरच्या हद्दीवरच सोडत असेल, तर ते गठ्ठ्यांनी निघतात. १२८ वर आणा, तो २.७ मिलिसेकंदांचा. पसरण लगेच आटली, तर कारण सापडलं.

बफर लहान करूनही फरक पडला नाही, तर कॉम्प्युटरच्या मिडीकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. मग क्लॉक ऑडिओतून पाठवण्याचा मार्ग आहे. इंटरफेसच्या एका मोकळ्या आउटपुटवरून पल्सचा ऑडिओ जातो आणि बाहेरचा डबा त्याचे मिडी टिक बनवतो. एक्स्पर्ट स्लीपर्सचा उसामो आणि ई-आरएमचा मल्टिक्लॉक हे त्यासाठीच आहेत. ऑडिओ सॅम्पलच्या अचूकतेने निघतो, त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाजूची थरथर जवळपास संपते. मशीनच्या आतली थरथर मात्र उरते, तिला कोणताच डबा पुरा पडत नाही. आणि एक आउटपुट कायमचं अडकतं, हे खरेदीआधी मोजा.

आधीच रेकॉर्ड झालेलं सरकलेलं टेक

पुन्हा वाजवता येत असेल तर पुन्हाच रेकॉर्ड करा. येत नसेल, तर इथेही उतरंड आणि पायऱ्या यांना वेगळं वागवायचं.

उतरंड असेल तर अख्खं टेक एका गुणोत्तराने आखूड करा. वरच्या उदाहरणात २४५.७६ भागिले २४५.८५८, म्हणजे ०.९९९६. आणि हे स्वर राखून ताणणाऱ्या अल्गोरिदमने करू नका, टेपसारखं वेग बदलून करा, लाइव्हमध्ये `Re-Pitch`. स्वर चढतो, पण एका सेमीटोनच्या शंभराव्या भागाहूनही कमी, जो ड्रमवर कोणालाच ऐकू येत नाही. स्वर राखणारा अल्गोरिदम मात्र स्नेअरची धार बोथट करतो, आणि ती लगेच ऐकू येते.

पायऱ्या असतील तर ताणायचंच नाही. सगळ्या तुकड्यांचा वेग आधीच बरोबर आहे. उडी जिथे आहे तो बार शोधा, त्याआधीच्या शांत जागी, ठोक्याच्या लगेच आधी कापा, आणि उजवीकडचं सगळं एक टिक डावीकडे सरकवा: १२५ ला २० मिलिसेकंद, दुसऱ्या उडीनंतर आणखी २०. कापलेल्या जागी दोन-तीन मिलिसेकंदांचा क्रॉसफेड पुरतो. लांब घुमणारी झांज नेमकी तिथे आली असेल तर सांधा ऐकू येतो, तेव्हा काप तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या बीटवर न्या. मधला एखादा ठोका २० मिलिसेकंद मागे राहिला तरी चालेल, तुटलेली झांज चालणार नाही.